जर्नल चकाचक, पण बाटली कोणती?

उद्या जर्नल सबमिशन आहे. रात्रीचे अकरा वाजलेत. समोर मैत्रिणीचं पूर्ण झालेलं जर्नल, बाजूला स्केल, दोन रंगांचे पेन, आणि तुम्ही एकामागून एक प्रॅक्टिकल उतरवत आहात. ऑगस्टमधलं, सप्टेंबरमधलं, दिवाळीच्या आधीचं. तारखा मागच्या, शाई आजची. खरं सांगा, हे चित्र ओळखीचं आहे ना? सायन्सला असाल तर असणारच. मी मास कम्युनिकेशनचा, पण अकरावी-बारावीला मीही हेच केलंय.

यात काही बिघडतं का? मार्कांचं म्हणाल तर फारसं नाही. जर्नलवर सही होते, सर्टिफिकेट लागतं, विषय संपतो. बिघडतं ते तेव्हा, जेव्हा कोणाला त्या जर्नलमधल्या आकड्याची खरोखर गरज पडते. आमच्या घरात तसं झालं, म्हणून हा लेख.

माझी चुलत बहीण वरूडला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. वरूडला प्रोजेक्टचा विषय शोधायला लांब जावं लागत नाही, घराच्या मागे संत्र्याची बाग असते. काकांनी या वर्षी आंबिया बहराच्या एका तुकड्यात पालाशाची जादा फवारणी केली होती, दुसऱ्या तुकड्यात नाही. बहिणीने ठरवलं, दोन्हीकडच्या फळांच्या रसातली आम्लता काढायची. फवारणीने संत्रा कमी आंबट होतो का, एवढाच प्रश्न. काकांना त्यात रस होता, कारण पुढच्या हंगामात सगळ्या बागेत फवारणी करायची की नाही, हे त्यांना ठरवायचं होतं. औषधाचा आणि मजुरीचा खर्च काही थोडा नसतो.

प्रोजेक्ट झाला. निकाल असा: बिनफवारणीच्या तुकड्यातल्या रसाची आम्लता ०.७२ टक्के, फवारणीच्या तुकड्यातली ०.६७ टक्के. काका खूश. मी सुटीत गेलो तेव्हा शेजारी राहणारे केमिस्ट्रीचे निवृत्त सर चहाला आले होते. काकांनी कौतुकाने जर्नल त्यांच्या हातात दिलं. सरांनी दोन पानं पाहिली, चष्मा काढला आणि विचारलं, "बेटा, दोन्ही दिवशी एनएओएचची बाटली एकच होती का?"

बहीण गप्प.

सर काय शोधत होते, ते समजून घेण्यासाठी आधी नोंद पाहू. बिनफवारणीच्या फळांच्या दिवशीचं जर्नलचं पान थोडक्यात असं होतं:

दि. ११ नोव्हेंबर. रस १० मिली. ब्युरेटमध्ये ०.१ नॉर्मल सोडियम हायड्रॉक्साइड. दर्शक फिनॉल्फ्थॅलिन. रंगबदल: रंगहीन ते गुलाबी.
वाचन १: ०.० ते ११.२
वाचन २: ०.० ते ११.२
वाचन ३: ०.० ते ११.२
सी.बी.आर. ११.२ मिली. आम्लता ०.७२ टक्के.

अक्षर मोत्यासारखं, चौकटी आखलेल्या, ब्युरेटचं चित्र पेन्सिलने काढलेलं. तुमच्या-माझ्या जर्नलमध्येही असंच पान असेल.

गणित बरोबर आहे. रसातलं मुख्य आम्ल सायट्रिक आम्ल, त्याचा सममूल्यभार ६४. दहा मिली रस घेतला आणि अल्कली नेमकी ०.१ नॉर्मल असली, तर ब्युरेटमध्ये जेवढे मिली लागले त्यांना ०.०६४ ने गुणायचं, आम्लता टक्क्यांत मिळते. ११.२ गुणिले ०.०६४ म्हणजे ०.७२. चूक नाही. तरी सर म्हणाले, "या पानावर मी विश्वास ठेवू शकत नाही. खोटं आहे असं नाही म्हणत मी. पण तपासायला त्यात काहीच उरलं नाही."

कोणतीही नोंद हातात घेतली की सर तीन गोष्टी पाहतात. केव्हा लिहिलं? जे मोजलं ते सगळं आहे का? आणि डोळ्यांना जे दिसलं ते लिहिलंय की पुस्तकातलं? तुम्हीही तुमचं जर्नल समोर घ्या आणि सोबत चला.

केव्हा लिहिलं?

या पानावर तारीख आहे, पण वेळ नाही. त्याने लगेच काही सिद्ध होत नाही. सरांचं लक्ष गेलं ते तिन्ही वाचनांकडे. तिन्ही वेळा सुरुवात ०.० आणि शेवट ११.२. प्रत्येक वेळी ब्युरेट शून्यापर्यंत भरली असेलही, तीनदा तोच आकडा आलाही असेल. पण ब्युरेटवर सगळ्यात लहान रेघ ०.१ मिलीची असते आणि एका थेंबाचं आकारमान साधारण ०.०५ मिली. दोन थेंब इकडे-तिकडे झाले की शेवटचा अंक बदलतो. म्हणून हाताने केलेल्या कामात आकडे थोडेसे हलतात. ते अजिबात हलत नाहीत, तेव्हा पाहणाऱ्याच्या मनात शंका येते की हे वाचन ब्युरेटवरून उतरवलं, की आधी सी.बी.आर. ठरवला आणि मग वरच्या ओळी भरल्या?

बहिणीने कबूल केलं. "दादा, रफ कागदावर लिहिलं होतं. जर्नल पंधरा दिवसांनी लिहिलं. सी.बी.आर. तेवढा पाठ होता, बाकीचं भरलं."

उशिरा लिहिलं तर एवढं काय जातं, असं मलाही वाटत होतं. सरांनी मला घरीच एक खेळ करायला लावला. बहिणीच्या रफ कागदावरचे चार आकडे वाचायचे, कागद पालथा घालायचा, बसस्टँडपर्यंत जाऊन यायचं आणि मग लिहायचं. मी लिहिले: ११.९, २१.३, ३४.४, ४५.६. दुसरा आकडा खरा २३.१ होता, मी अंकांची अदलाबदल केली होती. मला जराही शंका आली नव्हती. विसरलो असतो तर निदान कळलं असतं. मला तर चुकीचं अगदी ठामपणे आठवत होतं.

म्हणून वेळेवर लिहिणं म्हणजे 'त्याच दिवशी' नाही. ब्युरेटचा नळ बंद केला, नजर द्रवाच्या खालच्या वक्ररेषेच्या पातळीवर आणली, आकडा वाचला आणि पुढचा फ्लास्क उचलायच्या आत लिहिला, हे वेळेवर. थेट वहीत, पेनाने. हातावर नाही, फिल्टर पेपरवर नाही, मोबाईलच्या मागच्या चिठ्ठीवर नाही.

सगळं आहे का?

सुदैवाने रफ कागद सापडला. प्रॅक्टिकलच्या पुस्तकात घडी करून ठेवलेला, कोपऱ्यावर संत्र्याच्या रसाचा पिवळा डाग. त्यावरचं मी जसंच्या तसं देतो:

सकाळी ११.४०. एनएओएच बाटली, लेबल ०.१ नॉ., तारीख नाही. ऑक्झॅलिक ०.१ नॉ. १० मिलीला एनएओएच १०.६, १०.७, १०.६.
रस: ५ फळं, बिनफवारणी, काल तोडलेली, गाळून. १० मिली + ५० मिली पाणी.
०.० ते ११.९ (नळ उशिरा बंद, गडद झाला)
११.९ ते २३.१
२३.१ ते ३४.४
३४.४ ते ४५.६
पिवळा होता, फिका नारिंगी-गुलाबी झाला, हलवल्यावर टिकला.

सरांचा चेहरा उजळला. "हे पाहा, ही खरी नोंद! हिला मी दहापैकी आठ देतो. तुझ्या त्या सुंदर पानाला दोन."

फरक कुठे आहे? पहिली गोष्ट, सुरुवातीचे आणि शेवटचे असे दोन्ही आकडे आहेत. ११.२ हा कच्चा आकडा नव्हेच. ती वजाबाकी आहे. डोळ्यांनी वाचले ते ११.९ आणि २३.१. आणि इथे प्रत्येक ओळीचा शेवट हा पुढच्या ओळीची सुरुवात आहे, म्हणजे साखळी आहे. माझी मघाची चूक इथे घालून बघा. २३.१ ऐवजी २१.३ लिहिलं, तर दुसरं वाचन ९.४ मिलीचं होतं आणि तिसरं १३.१ चं. एक एकदम कमी, दुसरं तेवढंच जास्त. चूक लगेच बोंबलते आणि कुठे झाली तेही सांगते. नुसत्या वजाबाक्या लिहिल्या असत्या, तर हे कधीच कळलं नसतं.

दुसरी गोष्ट ते ११.९ चं फसलेलं वाचन. जर्नलमधून ते गायब झालं होतं. कागदावर ते आहे, आणि का फसलं तेही लिहिलंय. सरासरी काढताना ते सोडून दिलं तर हरकत नाही, पण पानावरून पुसायचं नाही. त्यावर एकच आडवी रेघ, अशी की खालचा आकडा वाचता यावा, आणि शेजारी कारण. व्हाईटनर चालत नाही, पान फाडणं तर नाहीच.

मात्र कारण कोणतं, यावर बरंच अवलंबून आहे. 'नळ उशिरा बंद झाला, रंग गडद गेला' हे फ्लास्कमध्ये घडलेलं कारण आहे, आणि ते तेव्हाच, उत्तर कळायच्या आधी लिहिलंय. 'बाकीच्यांशी जुळत नाही' हे कारण नव्हे. ती इच्छा झाली. जुळत नसलेलं वाचन कारण न सापडता आलं असेल, तर ते ठेवायचं आणि आणखी दोन वाचनं घ्यायची.

ही गडबड मोठमोठ्यांनाही चुकलेली नाही. फिजिक्सवाल्यांनो, मिलिकनचा तेलाच्या थेंबाचा प्रयोग आठवतो? त्यावरून इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मिळाला. १९१३ च्या शोधनिबंधात मिलिकनने ५८ थेंबांची मापं दिली आणि लागोपाठ ६० दिवसांत पाहिलेले सगळे थेंब यात आहेत, असं म्हटलं. पुढे १९७० च्या दशकात जेराल्ड होल्टन या इतिहासकाराने त्याच्या मूळ वह्या पाहिल्या. ऑक्टोबर १९११ ते एप्रिल १९१२ या काळात त्यात सुमारे १७५ थेंबांच्या नोंदी निघाल्या. कडेला शेरेही होते, हा सुंदर, छापायचा, हा जरा वर जातो, घ्यायचा नाही, अशा अर्थाचे. सुरुवातीचे काही थेंब उपकरण नीट बसायच्या आधीचे होते, काही सोडण्याला तांत्रिक कारणंही असतील. तो फसवत होता की अनुभवाने निवडत होता, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. पण तो वाद घालता येतो, कारण मिलिकनने वहीत नको असलेले थेंबही जागच्या जागी ठेवले. निबंध एक सांगतो, वही दुसरं. आपल्या जर्नलमध्ये तर आपण ती वहीच निबंधासारखी लिहून टाकतो.

आता तिसरी गोष्ट, जिच्यापायी सरांनी तो बाटलीचा प्रश्न विचारला. रफ कागदावर वरच्या ओळीत ऑक्झॅलिक आम्लाची वाचनं आहेत. जर्नलमध्ये ती नव्हती, कारण 'ते तर फक्त चेक करायला केलं होतं.'

सोडियम हायड्रॉक्साइडच्या बाटलीवर ०.१ नॉर्मल लिहिलंय म्हणून ते ०.१ असतंच असं नाही. त्याचे दाणे हवेतली ओल शोषतात, म्हणून वजन करतानाच त्यात पाणी मिसळलेलं असतं. तयार द्रावण हवेतला कार्बन डायऑक्साइड घेतं, थोड्या हायड्रॉक्साइडचं कार्बोनेट होतं, आणि फिनॉल्फ्थॅलिनच्या रंगबदलापर्यंत ते कार्बोनेट निम्मंच काम करतं. म्हणजे बाटली जितक्या वेळा उघडली जाते तितकी ती अशक्त होत जाते. म्हणून ज्याची तीव्रता पक्की आहे अशा ऑक्झॅलिक आम्लासमोर ती त्या दिवशी तपासायची असते.

बहिणीने तपासली होती. १० मिली ऑक्झॅलिकला सरासरी १०.६३ मिली अल्कली लागली. बरोबर ०.१ असती तर १० मिली पुरली असती. म्हणजे खरी तीव्रता ०.१ गुणिले १० भागिले १०.६३, साधारण ०.०९४ नॉर्मल. आता रसाचं पुन्हा मांडू. फसलेलं सोडून उरलेली तीन वाचनं ११.२, ११.३, ११.२, सरासरी ११.२३. त्याला ०.०९४ ने आणि मग ०.६४ ने गुणलं की आम्लता येते ०.६८ टक्के. जर्नलमध्ये होती ०.७२.

०.०४ चा फरक! तुम्हाला वाटेल, एवढुसा. पण आपलं सगळं प्रकरण किती फरकावर उभं आहे, आठवतंय? ०.७२ आणि ०.६७. म्हणजे ०.०५ वर.

मग बाटली कोणती?

फवारणीच्या तुकड्यातली फळं चार दिवसांनी तपासली होती. त्या दिवशीचा रफ कागद मिळाला नाही. आम्ही प्रॅक्टिकलचं पुस्तक झाडलं, बॅग उलटी केली, एप्रनचे खिसे पाहिले. उरलं फक्त जर्नलचं पान: सी.बी.आर. १०.५ मिली, आम्लता ०.६७ टक्के. ऑक्झॅलिक तपासणी केली होती का? "केली असंन." बाटली तीच होती का? "बहुतेक नवीन करून ठेवली होती. नाही, तीच होती. दादा, मले खरंच आठवत नाही."

सरांनी कागदावर दोन ओळी लिहिल्या. बाटली तीच जुनी असेल तर १०.५ गुणिले ०.०९४ गुणिले ०.६४, म्हणजे ०.६३ टक्के. नवी आणि बरोबर ०.१ असेल, तर ०.६७. म्हणजे बिनफवारणीच्या ०.६८ समोर फवारणीचा आकडा एक तर ०.६३ आहे, नाही तर ०.६७. पहिलं खरं असेल तर फवारणीने काहीतरी झालंय असं म्हणायला जागा आहे. दुसरं खरं असेल तर फरक ०.०१ चा, ब्युरेटच्या दोन रेघांहूनही कमी. एवढा फरक तर एकाच झाडाच्या दोन फळांतही निघतो.

काका इतका वेळ ऐकत होते. त्यांनी विचारलं, "मंग फवारू का नको? नेमकं सांगा."

कोणालाच सांगता आलं नाही. प्रयोग झाला होता, फळं कापली गेली होती, रसायन वापरलं गेलं होतं, आकडाही बहुधा बरोबर वाचला गेला होता. फक्त 'बाटली जुनी' किंवा 'बाटली नवी' हे दोन शब्द लिहिले नव्हते. पुन्हा करू म्हटलं, तर बाग व्यापाऱ्याने उतरवून नेली होती. आंबिया बहराची फळं आता पुढच्या वर्षीच.

काय दिसलं?

तिसरा मुद्दा छोटा आहे, पण सरांनी सगळ्यात आधी चोर इथेच पकडला होता. जर्नलमध्ये लिहिलंय, 'रंगहीन ते गुलाबी'. आता तुम्हीच सांगा, संत्र्याचा रस रंगहीन कसा असेल? पन्नास मिली पाणी घातलं तरी तो पिवळाच राहतो. 'रंगहीन ते गुलाबी' हे हायड्रोक्लोरिक आम्लाच्या टायट्रेशनचं वाक्य. बारावीपासून हाताला सवय झालेलं, म्हणून उतरलं. डोळ्यांनी पिवळ्याचा फिका नारिंगी-गुलाबी होताना पाहिला होता, आणि रफ कागदावर ते लिहिलंही होतं. फेअर करताना दिसलेलं गेलं आणि पाठ असलेलं आलं.

नेमका रंग लिहिण्याने फरक पडतो, कारण पिवळ्या रसात शेवटचा बिंदू ओळखणं अवघड असतं. कोणी हलक्या नारिंगीवर थांबतो, कोणी गडद गुलाबीवर, आणि दोघांच्या वाचनात तीन-चार थेंबांचा फरक सहज पडतो. 'फिका नारिंगी-गुलाबी, ३० सेकंद टिकला' असं लिहिलं असेल, तर दुसऱ्या दिवशी तुम्हीच त्याच रंगावर थांबू शकता. बहिणीच्या कागदावर 'टिकला' आहे, किती सेकंद ते नाही. सरांनी कापलेल्या दोन मार्कांपैकी एक इथला.

दुसरा मार्क गेला फळांच्या ओळीत. '५ फळं, काल तोडलेली' चांगलं आहे, पण कोणत्या झाडांची? एकाच झाडाची पाच की पाच झाडांची? फळ जसं पिकतं तशी आम्लता उतरते, सावलीतलं आणि उन्हातलं फळ सारखं नसतं. चार दिवसांनी तोडलेली फळं चार दिवस जास्त पिकलेली होती, हाही मुद्दा आहेच. हे नोंदीत असतं, तर निदान विचारात घेता आलं असतं.

तोडणीची नेमकी तारीख मात्र मिळाली, आणि ती कुठे मिळाली ते ऐका. काकांच्या खिशातल्या डायरीत. काका आठवीपर्यंत शिकलेत. त्यांच्या डायरीत ओली बोटं उमटलेली, पेन मधेच बदललेला, पण प्रत्येक फवारणीची तारीख, किती पंप लागले, कोणत्या ओळीपर्यंत झाली, आणि एका ठिकाणी 'वारा सुटला, चार झाडं राहिली' असंही. सरांनी ते पान दोनदा वाचलं. "हे केव्हा लिहिता?" काका म्हणाले, "बांधावरच. घरी येईस्तोवर कोण ध्यानात ठेवते बाप्पा!"

ती राहिलेली चार झाडं फवारणीच्याच तुकड्यात आहेत. बहिणीची पाच फळं त्या चारांपैकी एखाद्या झाडाची तर नव्हती? तेही आता कळणार नाही.

तुमचं पान तपासायचं असेल तर

जर्नल आणि वही या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढं एकदा धरून चला. कॉलेजला फेअर जर्नल लागतं, ते लिहाच. पण त्याआधी एक बांधलेली, पानांना नंबर घातलेली वही लॅबमध्ये टेबलावर उघडी हवी, आणि आकडा पहिल्यांदा कागदावर उतरतो तो तिच्यातच. ती घाण झाली तरी चालते. रफ कागदावर लिहिलंच असेल, तर तो कागद फेकू नका, वहीत चिकटवा. काही आठवणीतून लिहावं लागलं, तर तसंच लिहा: 'उशिरा नोंद', आजची तारीख, 'आठवणीतून'. तेवढ्याने पान खोटं ठरत नाही. वाचणाऱ्याला कोणत्या ओळीवर किती भार टाकायचा ते कळतं.

मग वही अशा मित्राला द्या जो त्या दिवशी तुमच्या बॅचला नव्हता. त्याने तुम्हाला एकही प्रश्न न विचारता तुमचं उत्तर पुन्हा काढून दाखवायचं. तो जिथे अडेल आणि "ही बाटली कोणती रे?" असं विचारेल, तिथे तुमची नोंद अपुरी आहे. बहिणीचा रफ कागद मी, एका मास कॉमवाल्याने, असा सोडवून पाहिला, आणि सूत्र कळल्यावर ०.६८ पर्यंत पोहोचलो. जर्नलवरून कितीही डोकं लावलं असतं तरी ०.७२ च आलं असतं.

चांगली नोंद म्हणजे बरोबर प्रयोग नव्हे, हेही सर निघताना सांगून गेले. पाच फळांवरून अख्ख्या बागेचा निकाल वही कितीही नेटकी असली तरी लागत नाही. वही फक्त एवढं सांगते, की या आकड्याच्या जोरावर तुम्ही कुठपर्यंत बोलू शकता.

काकांनी पुढच्या हंगामासाठी तोडगा काढलाय. फवारणी पुन्हा अर्ध्याच बागेत, आणि दोन्हीकडच्या झाडांना खोडावर चुन्याने नंबर. बहिणीने बाजारातून दोनशे पानी रजिस्टर आणलं आणि पानांना नंबर घालत बसली. पहिल्या पानावर तिने तारीख-वेळ टाकून लिहिलं: 'मागील वर्षी १५ नोव्हेंबरला एनएओएचची बाटली कोणती होती, नोंद नाही. आठवणीवर विश्वास नाही.'

काकांनी ते वाचलं, आणि स्वतःची डायरी खिशात ठेवून पाणी द्यायला निघून गेले.